‘३० जून’ एवढंच लिहून भागत नाही: नियमांच्या पीडीएफमधून कम्प्लायन्सचं कॅलेंडर कसं तयार होतं

उल्हासनगर कॅम्प नं. ३ मधून रोज सकाळी बरीच मंडळी अंबरनाथ आणि बदलापूरच्या एमआयडीसीत कामाला जातात. माझी मावसबहीण त्यातलीच एक. ती एका केमिकल कारखान्यात ‘कम्प्लायन्स’ बघते. म्हणजे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला कारखान्याने जे जे कागद वेळेवर द्यायचे असतात, ते देण्याची जबाबदारी तिची. गेल्या वर्षी तिने मला विचारलं, “तू सॉफ्टवेअरवाला आहेस ना, मग या सगळ्या तारखा मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये टाकून दे की.”

ऐकायला काम सोपं वाटतं. फॉर्मचं नाव, तारीख, रिमाइंडर, झालं. पण नियम उघडून बसलो की लक्षात येतं, की सरकारी नियमात ‘तारीख’ नावाची गोष्ट तीन वेगवेगळ्या रूपांत लिहिलेली असते आणि त्यातलं एकच रूप कॅलेंडरमध्ये सरळ बसतं. बाकीची दोन तिथे पोहोचतच नाहीत, आणि अडचण नेमकी तिथेच होते. हा लेख त्याबद्दल आहे. उदाहरण म्हणून एकच नियमावली घेऊ: २०१६ चे घातक कचरा नियम. पूर्ण नाव ‘हॅझार्डस अँड अदर वेस्ट्स (मॅनेजमेंट अँड ट्रान्सबाउंडरी मूव्हमेंट) रूल्स, २०१६’. अंबरनाथ-बदलापूरच्या कुठल्याही केमिकल कारखान्याला हे लागतातच.

पीडीएफ कुठून वाचायची

राजपत्राची पीडीएफ मोबाइलवर उघडलीत तर आधी हिंदी मजकूर येतो, मग इंग्रजी. पहिल्या पानापासून वाचत बसू नका. मी सरळ शेवटी जातो, कारण फॉर्म शेवटी छापलेले असतात आणि प्रत्येक फॉर्मच्या डोक्यावर कंसात `See rule` असं लिहून नियमाचा क्रमांक दिलेला असतो. फॉर्म ४ वर नियम ६(५) आणि २०(२) यांचा उल्लेख सापडेल. आता त्या नियमावर या. तिथे कोणी भरायचा, कधी भरायचा, कोणाला द्यायचा, हे लिहिलेलं असतं.

असं उलटं वाचण्याचा फायदा म्हणजे एकही फॉर्म सुटत नाही. प्रत्येक फॉर्मसाठी शीटमध्ये एक ओळ करायची. आपल्याला लागू नसेल तरी ओळ करायची आणि पुढे कारण लिहायचं. उदाहरणार्थ फॉर्म ५ आणि ६ हे कचरा आयात किंवा निर्यात करणाऱ्यांचे आहेत. ताईच्या कारखान्यात आयात-निर्यात होत नाही, म्हणून ‘लागू नाही, आयात-निर्यात नाही’. उद्या मालकांनी आयात सुरू केली, तर ती ओळ जागी होते. ओळच नसेल तर कोणाला आठवणार?

दुसरी पायरी म्हणजे शोध. पीडीएफमध्ये `shall` शोधू नका, प्रत्येक ओळीत सापडेल. `on or before`, `within`, `days`, `immediately` आणि `maintain` हे पाच शोध पुरतात. हे शोधताना एक सापळा लागतो. या नियमांत ‘३० सप्टेंबर’ ही तारीख सापडते, आणि घाईत वाचणारा ती आपल्या यादीत टाकतो. पण नियम २० मधली ती तारीख कारखान्याची नाहीच. कारखान्यांनी दिलेल्या विवरणांवरून मंडळाने राज्याची यादी बनवून केंद्रीय मंडळाला द्यायची, त्याची ती मुदत आहे. म्हणून तारीख दिसली की त्या वाक्याचा कर्ता कोण, हे आधी बघायचं. शीटमध्ये ‘कोणी’ हा रकाना ‘कधी’ या रकान्याच्या आधी येतो तो याचसाठी.

तारखेची तीन रूपं

पहिलं रूप ठरलेल्या तारखेचं. फॉर्म ४, वार्षिक विवरण, आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० जूनपर्यंत. कॅलेंडरला हे आवडतं: दरवर्षी एकदा, तीच तारीख.

दुसरं रूप घटनेपासून मोजायचं. नियम ८ म्हणतो की घातक कचरा आवारात ९० दिवसांपेक्षा जास्त साठवायचा नाही. काही परिस्थितींत मंडळ ही मुदत वाढवू शकतं, पण मूळ आकडा ९० दिवसांचा. हे ९० दिवस कधी सुरू होतात, ते राजपत्राला माहीत नसतं. ते तुमच्या गोदामातल्या पिंपाला माहीत असतं. एका पिंपात १० मार्च २०२५ ला गाळ भरायला सुरुवात झाली, तर मुदत ८ जून २०२५ ला संपते. शेजारच्या पिंपाची सुरुवात २ एप्रिलची असेल, तर १ जुलै. म्हणजे ही एक तारीख नव्हे, जितकी पिंपं तितक्या तारखा. अपघाताचा अहवाल, म्हणजे फॉर्म ११, हाही याच प्रकारचा. अपघात झाला तर मंडळाला ताबडतोब कळवायचं आणि मग अहवाल द्यायचा. त्यासाठी कॅलेंडरमध्ये तारीख टाकताच येत नाही. पण फोन कोणाला करायचा, फॉर्म कुठे ठेवलाय, हे लिहिलेली ओळ मात्र हवी.

तिसरं रूप सर्वांत गुपचूप. नियमात लिहिलेलं असतं, की नोंद ‘ठेवा’. फॉर्म ३ हा असा नोंदीचा फॉर्म आहे: कुठल्या तारखेला किती कचरा तयार झाला, किती साठवला, किती पाठवला. हा मंडळाला दरवर्षी पाठवायचा नसतो, म्हणून बरेच जण त्याला यादीतच घेत नाहीत. पण फॉर्म ४ मधला प्रत्येक आकडा फॉर्म ३ मधूनच येतो. रोजची नोंद नसेल तर ३० जूनला तुम्ही विवरण भरत नसता, अंदाज भरत असता.

खरी तारीख ३१ मार्च

आता फॉर्म ४ नीट उघडून बघू. त्यात प्रकारानुसार चार गोष्टी विचारल्या आहेत: वर्षभरात एकूण किती घातक कचरा तयार झाला, किती बाहेर पाठवला (विल्हेवाट केंद्राकडे किती, रिसायकलरकडे किती, इतरत्र किती), कारखान्यातच काही वापरला का, आणि वर्षाच्या शेवटी साठ्यात किती उरला.

चौथा प्रश्न पुन्हा वाचा. वर्षाच्या शेवटी, म्हणजे ३१ मार्चला, साठ्यात किती होता? हे ३० जूनला कसं कळणार? तोपर्यंत ती पिंपं गेली, नवी आली. ३१ मार्चचा साठा ३१ मार्चलाच काट्यावर चढवावा लागतो. तो दिवस हुकला की वर्षभर तो आकडा परत मिळत नाही. म्हणून ताईच्या कॅलेंडरमध्ये सगळ्यात ठळक लाल रंग ३० जूनला नाही, ३१ मार्चला आहे: ‘संध्याकाळी गोदाम बंद करण्याआधी वजन, प्रकारवार, फोटोसकट’. राजपत्रात ही तारीख कुठेच स्पष्ट लिहिलेली नाही. ती फॉर्मच्या रकान्यातून काढावी लागते. मी तर म्हणेन, मुदतीच्या तारखेपेक्षा ‘आकडा कुठल्या दिवसाचा’ हा रकाना जास्त महत्त्वाचा.

उदाहरणापुरते आकडे घेऊ. सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेतून, म्हणजे ईटीपीमधून, जो रासायनिक गाळ निघतो त्याचा नियमांतल्या अनुसूची १ मधला क्रमांक ३५.३ आहे. समजा १ एप्रिल २०२४ ला साठ्यात १.२ टन गाळ होता. वर्षभरात १४.६ टन तयार झाला. तळोज्याच्या सामाईक विल्हेवाट केंद्राकडे १४.१ टन गेला. आवारात काही वापरला नाही. मग ३१ मार्च २०२५ ला साठा असायला हवा १.७ टन. वजनकाट्यावर १.७ आला, तर नोंदी बरोबर. १.१ आला, तर ०.६ टन कुठे गेला?

गंमत म्हणजे फॉर्म ४ मध्ये वर्षाच्या सुरुवातीचा साठा विचारलेलाच नाही. तो मागच्या वर्षीच्या फॉर्म ४ मधल्या चौथ्या उत्तरातून घ्यावा लागतो. त्यामुळे एकटा फॉर्म बघून बेरीज-वजाबाकी जुळतेय का ते कळत नाही. दोन वर्षांचे फॉर्म शेजारी ठेवल्यावर कळतं. शीटमध्ये हे एका ओळीचं सूत्र आहे. B मध्ये सुरुवातीचा साठा, C तयार झालेला, D पाठवलेला, E आवारात वापरलेला, F काट्यावरचं वजन:

```
=IF(ABS(B2+C2-D2-E2-F2)<0.05,"जुळलं","तपासा")
```

०.०५ टन म्हणजे ५० किलो. ही सूट मी ठरवली, नियमाने नाही. ओल्या गाळातलं पाणी उडतं, वजन थोडं बदलतं, म्हणून काहीतरी सूट ठेवावी लागते. किती ठेवायची ते कारखान्यातल्या माणसांनी ठरवावं आणि शीटवर लिहून ठेवावं.

तो ०.६ टन कुठे गेला

हा प्रश्न आमच्या भागात नुसता हिशेबाचा नाही. वालधुनी नदी अंबरनाथकडून येऊन उल्हासनगरमधून जाते. नोव्हेंबर २०१४ मध्ये तिच्या पात्रात टँकरमधून रसायन सोडलं गेलं आणि उल्हासनगरमधल्या शेकडो लोकांना श्वासाचा त्रास झाला, अनेकांना रुग्णालयात न्यावं लागलं. माझ्या वयाच्या इथल्या पोरांना ती बातमी अजून आठवते.

कचरा कारखान्याच्या गेटबाहेर पडला, पण जिथे जायचा तिथे पोहोचलाच नाही, हे पकडण्यासाठी नियमात एक साधी व्यवस्था आहे: मॅनिफेस्ट, म्हणजे फॉर्म १०. २०१६ च्या नियमांनुसार त्याच्या सात प्रती, प्रत्येकीचा रंग वेगळा. पांढरी प्रत पाठवणारा कारखाना मंडळाला देतो, पिवळी स्वतःकडे ठेवतो. गुलाबी प्रत कचरा घेणाऱ्या केंद्राकडे राहते, नारिंगी वाहतूकदाराला मिळते, हिरवी ते केंद्र मंडळाला पाठवतं. करडी फक्त कचरा दुसऱ्या राज्यात जात असेल तर लागते. आणि निळी? ती केंद्राने माल घेतल्यावर कारखान्याकडे परत येते.

कम्प्लायन्सच्या दृष्टीने निळी प्रत म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपची दुसरी टिक. पिवळी सांगते की पाठवलं; निळी सांगते की पोहोचलं. म्हणून ताईच्या शीटमध्ये प्रत्येक गाडीची एक ओळ आहे: निघाल्याची तारीख, मॅनिफेस्ट क्रमांक, आपल्या काट्यावरचं वजन, निळ्या प्रतीवरचं वजन, निळी परत आल्याची तारीख. अंबरनाथहून तळोजा काही लांब नाही. पाच दिवसांत निळी आली नाही, की ओळ लाल होते आणि ताई फोन लावते.

हे ‘पाच दिवस’ ताईचे आहेत, कायद्याचे नाहीत. हा फरक शीटमध्ये दिसलाच पाहिजे. आम्ही ‘मूळ’ नावाचा रकाना ठेवलाय. त्यात एकतर नियमाचा क्रमांक असतो, किंवा ‘आपलं’ असा शब्द. नाहीतर दोन वर्षांनी नवीन माणूस येतो आणि आपणच ठरवलेल्या तारखेला कायदा समजतो, किंवा त्याच्या उलट, कायद्याच्या तारखेला ‘आपलीच तर आहे’ म्हणून पुढे ढकलतो. दुसरा प्रकार महागात पडतो. १ एप्रिल २०२४ पासून पर्यावरण संरक्षण कायद्यात नियमभंगासाठी किमान १० हजार ते कमाल १५ लाख रुपये दंडाची तरतूद आहे.

एकाच तारखेचे दोन जुळे

३० जूनला आणखी एक विवरण असतं. कारखान्यात दवाखाना असेल तर तिथल्या सुया, बँडेज वगैरेंना २०१६ चे जैववैद्यकीय कचरा नियम लागू होतात. त्याचा वार्षिक अहवालही ३० जूनपर्यंतच. आणि फॉर्मचं नाव? `Form IV`. घातक कचऱ्याचा `Form 4`, दवाखान्याचा `Form IV`. बोलताना दोन्ही ‘फॉर्म फोर’. मंडळ तेच, मुदत तीच.

फरक असा, की घातक कचऱ्याचं विवरण एप्रिल ते मार्चचं असतं आणि जैववैद्यकीय कचऱ्याचा अहवाल जानेवारी ते डिसेंबरचा. म्हणजे ३० जून २०२५ ला भरायच्या `Form 4` मध्ये १ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५ चे आकडे, तर त्याच दिवशी भरायच्या `Form IV` मध्ये १ जानेवारी २०२४ ते ३१ डिसेंबर २०२४ चे. ज्याच्या कॅलेंडरमध्ये फक्त ‘३० जून, फॉर्म ४’ लिहिलंय तो एकतर एक फॉर्म विसरणार, नाहीतर दोन्हीत एकाच कालावधीचे आकडे भरणार. पोर्टल आकडे स्वीकारेलही. कालावधी चुकलाय हे त्याला कुठून कळणार? म्हणून फॉर्मच्या नावापुढे नियमावलीचं नाव लिहायचं, आणि ‘पासून-पर्यंत’ असे दोन वेगळे रकाने ठेवायचे. ‘२०२४-२५’ असं मोघम लिहायचं नाही.

सप्टेंबरमधला साक्षीदार

३० सप्टेंबर ही तारीख मात्र कारखान्याची आहे, पण दुसऱ्या नियमातली. पर्यावरण संरक्षण नियम, १९८६ मधला नियम १४ म्हणतो, की ज्यांना जल किंवा वायू कायद्याखाली संमतीपत्र लागतं किंवा घातक कचऱ्याचं अधिकारपत्र लागतं, त्यांनी ३१ मार्चला संपलेल्या वर्षाचं पर्यावरण विवरण फॉर्म ५ मध्ये ३० सप्टेंबरपर्यंत द्यायचं. छापील फॉर्मवर ते `Form V` असतं.

याचा भाग ड घातक कचऱ्याबद्दल विचारतो: प्रक्रियेतून किती, प्रदूषण नियंत्रण यंत्रणेतून किती, आणि तेही मागच्या आणि चालू अशा दोन आर्थिक वर्षांचं. म्हणजे जूनमध्ये सांगितलेला १४.६ टनांचा आकडा सप्टेंबरमध्ये पुन्हा विचारला जातो, आणि पुढच्या सप्टेंबरमध्ये ‘मागचं वर्ष’ म्हणून तिसऱ्यांदा. तीन कागदांवर एकच आकडा. बऱ्याच ठिकाणी जूनचं विवरण एक जण भरतो आणि सप्टेंबरचं बाहेरचा सल्लागार, वेगळ्या फाइलवरून. मग एका कागदावर १४.६ आणि दुसऱ्यावर १३.९. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याला कारखान्यात पाऊल न टाकताही हे दिसतं.

म्हणून आम्ही आकडे एकाच टॅबवर ठेवले आणि दोन्ही फॉर्मच्या टॅबवर ते तिथूनच येतात. कॉपी-पेस्ट नाही, सेलचा संदर्भ. फॉर्म ५ मध्ये आणखी एक खोच आहे. पाण्याचा वापर तो घनमीटर प्रतिदिन असा मागतो. वर्षाच्या एकूण पाण्याला ३६५ ने भागायचं की कामाच्या दिवसांनी? ३०० दिवस चालणाऱ्या कारखान्यात या दोन उत्तरांत पाचव्या हिश्श्याहून जास्त फरक पडतो. संमतीपत्रातली पाण्याची मर्यादाही रोजचीच असते, त्यामुळे ३६५ ने भागून आकडा छान दिसतो आणि प्रत्यक्ष कामाच्या दिवशी मर्यादा ओलांडलेली असते. ताई कामाच्या दिवसांनी भागते आणि तसं शेजारी लिहिते.

आता मोबाइलमध्ये

एवढं झालं की कॅलेंडर हा शेवटचा, सोपा भाग. मुदतीपासून उलटं मोजून आतल्या तारखा काढायच्या: सहीसाठी साहेबांकडे कधी, पोर्टलवर मसुदा कधी. ‘सहा कामाचे दिवस आधी’ काढायला शीटमध्ये `WORKDAY` हे सूत्र असतं, पण ते शनिवार-रविवार सुट्टी धरतं. अंबरनाथ-बदलापूरच्या औद्योगिक भागात बऱ्याच ठिकाणी साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी असते. ताईच्या कारखान्यात शुक्रवारी कारखाना बंद आणि रविवारी ऑफिस बंद. त्यासाठी असं लिहायचं:

```
=WORKDAY.INTL(DATE(2025,6,30),-6,"0000101")
```

अवतरणातले सात आकडे सोमवारपासून रविवारपर्यंतचे; १ म्हणजे सुट्टी. उत्तर येतं २१ जून २०२५, शनिवार. साधं `WORKDAY` वापरलं असतं तर २० जून आला असता, शुक्रवार, म्हणजे गेटला कुलूप असलेला दिवस. आणि शेवटची तारीख सुट्टीच्या दिवशी आली तर? ३० जून २०२४ रविवारीच होता. कार्यालय बंद असेल तर पुढच्या दिवशी दिलेलं चालतं, असं सांगणारं तत्त्व कायद्यात आहे, पण पोर्टल रविवारीही उघडं असतं. त्या वादात पडायचंच कशाला? आतली तारीख पाळा.

शीट कॅलेंडरमध्ये न्यायला सीएसव्ही फाइल करून गुगल कॅलेंडरमध्ये टाकता येते. हे मोबाइल अ‍ॅपमधून होत नाही, कॉम्प्युटरच्या ब्राउझरवर सेटिंग्जमधून करावं लागतं. एकदा टाकलं की मोबाइलवर आपोआप दिसतं.

```
Subject,Start Date,All Day Event,Description
पिंप 14: 90 दिवस संपतात,06/08/2025,True,HW नियम 8
Form 4 सहीसाठी,06/21/2025,True,आपलं
```

तारीख बघा: आधी महिना, मग दिवस. `06/08/2025` म्हणजे ८ जून. आपल्या सवयीने वाचलं तर ६ ऑगस्ट. दिवस १२ पेक्षा मोठा असेल तर गोंधळ लगेच लक्षात येतो, कारण २१ वा महिना नसतोच. ८ जूनच्या बाबतीत मात्र काहीच कुरकुर न होता पिंप दोन महिने उशिरा आठवतं. म्हणून फाइल टाकल्यावर १२ च्या आतल्या तारखांची दोन-तीन नोंदी कॅलेंडरमध्ये उघडून बघायच्याच.

‘दरवर्षी पुन्हा’ हा पर्याय मी मुद्दाम वापरला नाही. दर १ एप्रिलला शीटमधून पुढच्या एका वर्षाच्या तारखा नव्याने काढायच्या, आणि त्याआधी प्रत्येक ओळीचा नियम अजून लागू आहे का ते बघायचं. कारण नियम बदलतात. फॉर्म ५ चीच मुदत सुरुवातीला १५ मे होती. १९९३ मध्ये ती ३० सप्टेंबर झाली. शिवाय संमतीपत्रात प्रत्येक कारखान्याच्या खास अटी असतात, आणि नूतनीकरणानंतर त्या बदलू शकतात. ज्यांना केंद्राची पर्यावरण मंजुरी घ्यावी लागली आहे त्यांना १ जून आणि १ डिसेंबर असे दोन सहामाही अहवाल वेगळे. ताईच्या कारखान्याला ती मंजुरी लागलेली नाही, म्हणून ती ओळ ‘लागू नाही’ मध्ये.

शेवटचे दोन रकाने राहिले. एक, पावती: पोर्टलवरून मिळालेल्या पोचपावतीची लिंक. ती लिंक पडेपर्यंत ओळ हिरवी होत नाही, ‘भरलं’ असं कोणी तोंडाने सांगितलं तरी. दुसरा, ‘लागू: पासून-पर्यंत’. हा रकाना भरताना ताईच्या आधीच्या माणसाची जुनी यादी आम्ही काढली होती. तिच्यात दर महिन्याच्या ५ तारखेला पाणी उपकराचं विवरण लिहिलेलं होतं. तो उपकर १ जुलै २०१७ पासून, जीएसटी आला तेव्हाच, बंद झाला. ती ओळ आम्ही पुसली नाही. ‘पर्यंत’च्या रकान्यात ३० जून २०१७ लिहिलं आणि राखाडी करून खाली ढकलली, म्हणजे जुनी फाइल चाळताना कोणी विचारलं की हे विवरण का दिसत नाही, तर उत्तर तिथेच सापडेल.